डक्टच्या वरच्या बाजूला काहीच नव्हतं

कोटेशनमधली ती ओळ मला आजही पाठ आहे. ‘सप्लाय डक्टला १९ मिमी जाडीचं नायट्रिल रबर इन्सुलेशन, अ‍ॅल्युमिनियम फॉइलसह, चारही बाजूंनी.’ दर चौरस फुटाला ९५ रुपये, एकूण २६० चौरस फूट, म्हणजे २४,७०० रुपये. सप्लाय डक्ट म्हणजे मशीनची गार हवा खोलीभर नेणारी पत्र्याची चौकोनी नळी. पूर्ण एसीच्या कामात ही रक्कम लहान, म्हणून माझं सगळं लक्ष मशीनच्या किमतीवर राहिलं. फसलो ते या लहान रकमेतच, आणि त्याचे चटके मात्र कित्येक महिने बसले.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझी डेंटल लॅब आहे. कॅप आणि ब्रिज बनवतो, आठ माणसं कामाला. गाळा वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर पत्रा आणि खाली फॉल्स सीलिंग. साडेपाच टनाचं डक्टेबल मशीन एका टोकाला बसवलं. तिथून पन्नास फूट डक्ट पत्रा आणि सीलिंगमधल्या पोकळीतून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि वाटेत हवा खाली सोडणारी पाच ग्रिल आहेत. मशीनजवळ डक्ट २४ बाय १२ इंच, पुढे तो लहान होत जातो. काम फेब्रुवारीत झालं. थंडी असल्यामुळे सुरुवातीला सगळं छान चाललं आणि मी ९० टक्के पैसे देऊनही टाकले.

एप्रिल संपता संपता शेवटच्या टेबलावरच्या ताई म्हणायला लागल्या, ‘दुपारी इथे नुसता वारा येतो, गारवा नाही.’ त्यांच्या शेजारीच सिरॅमिकची भट्टी असल्यामुळे आधी मला भट्टीचाच संशय आला. कंत्राटदाराला बोलावलं. त्याने ग्रिलखाली हात धरला आणि म्हणाला, ‘साहेब, भट्टीमुळे लोड वाढलाय, मशीन कमी पडतंय. त्या कोपऱ्यात दोन टनाचं स्प्लिट टाका.’ दुसऱ्या दिवशी बासष्ट हजारांचं कोटेशन आलं. मी होकार देणारच होतो. लोक फसतात ते इथेच. डक्टमध्ये वाया गेलेला गारवा मशीनच्या नावावर लावला जातो, आणि चूक ज्याची तोच दुसरं मशीन विकतो.

जुलैत सीलिंगच्या टाइल्सवर तपकिरी डाग उमटले. कंत्राटदार फोनवरच म्हणाला, ‘पत्रा गळतोय, सोसायटीला सांगा.’ पण रविवारी लॅब बंद असताना धो धो पाऊस पडला तरी एक थेंब आला नाही, आणि मंगळवारी कोरड्या दुपारी मशीन चालू असताना पाणी टपकलं. पत्रा गळत असता तर हे उलटं झालं असतं. हे मी एका जुन्या मित्राला सांगितलं. तो वीस वर्षं डक्टिंगच्या कामात आहे. त्याने एकच प्रश्न विचारला : ‘अरे, तू वर चढून बघितलंस का?’

तो आला तो पातळ प्रोबचा थर्मामीटर घेऊन. मशीन अर्धा तास सलग चालू दिलं, कारण कॉम्प्रेसर कट झालेला असताना घेतलेलं माप फसवं असतं. मग मशीनच्या तोंडाशी, कॅनव्हासच्या जोडाला छोटं भोक पाडून प्रोब आत घातला : १३ अंश. पहिल्या ग्रिलच्या गळ्यात १४. शेवटच्या ग्रिलच्या गळ्यात १८.५. मशीन आपलं काम चोख करत होतं, गारवा वाटेत हरवत होता. शेवटच्या ग्रिलला सगळ्यात जास्त फटका बसण्याचं कारणही त्याने सांगितलं. डक्टच्या प्रत्येक फुटातून उष्णता साधारण सारखीच आत येते, पण प्रत्येक ग्रिलला हवा सुटत गेल्यामुळे पुढे पुढे हवा कमी उरते. तीच उष्णता थोड्या हवेवर पडते आणि ती हवा जास्त तापते.

मग आम्ही सीलिंगमधलं ट्रॅप डोअर उघडलं. बॅटरीच्या उजेडात समोरच डक्ट दिसला, चकचकीत फॉइल, जाड गुबगुबीत इन्सुलेशन. मित्राने स्टीलची पट्टी लावली, बरोबर १९ मिमी, चारही बाजूंनी. मला हायसं वाटलं. पण तो सरपटत पुढे गेला. तीन फुटांनंतर फॉइलचा एक जोड होता. त्यापलीकडे त्याने शिवणकामाची जाड सुई इन्सुलेशनमध्ये डक्टच्या पत्र्याला टेकेपर्यंत खुपसली, नखाने खूण धरली आणि बाहेर काढून पट्टीवर मोजली. ९ मिमी. पुढे दहा फुटांवर पुन्हा ९. मग त्याने हात डक्टच्या वर घातला आणि मला म्हणाला, ‘तूही घाल.’ माझ्या बोटांना गार, ओला, उघडा पत्रा लागला. वरच्या बाजूला काहीच नव्हतं. पाणी तिथूनच कडेवरून ओघळत होतं.

ट्रॅप डोअरपाशी, जिथे मालक डोकावणार, तिथे तीन फूट खरं काम. उरलेल्या सत्तेचाळीस फुटांवर अर्ध्याहून कमी जाडी, आणि वर उघडं. ही चूक नव्हे. चूक करणारा माणूस नेमका ट्रॅप डोअरपाशी बरोबर काम करत नाही.

वरची बाजू का राहिली तेही कळलं. डक्ट आणि छपराच्या पत्र्याखालच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये जेमतेम दोन इंच जागा होती. डक्ट टांगल्यावर तिथे कुणाचा हात जातच नाही. वरच्या बाजूचं इन्सुलेशन डक्ट जमिनीवर असतानाच चिकटवावं लागतं. आमच्याकडे आधी डक्ट टांगला आणि मग खालून दिसेल तेवढं गुंडाळलं. ज्या अँगलवर डक्ट टेकला होता तिथे इन्सुलेशन चेपून तीन मिमी झालं होतं, कारण मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवलेला नव्हता.

आता हिशोब, कारण तो समजला तरच कोटेशनमधला आकडा वाचता येतो. नायट्रिल रबरची उष्णतावाहकता साधारण ०.०३५ असते. मीटरमधल्या जाडीला या आकड्याने भागलं की रोध मिळतो. ९ मिमीला तो ०.२६ येतो, १९ मिमीला ०.५४, २५ मिमीला ०.७१. त्यात आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या थराचा मिळून साधारण ०.१६ मिळवायचा. उघड्या पत्र्याला हा ०.१६ एवढाच आधार असतो. कडक उन्हाच्या दुपारी ती पोकळी ४८ अंशांवर जाते. आतली हवा १३ ची, वाटेत थोडी तापते, म्हणून सरासरी फरक ३३ धरला. माझ्या डक्टला वरची ८० चौरस फूट उघडी आणि बाकी १८० चौरस फुटांवर ९ मिमी, असं मांडलं की सुमारे २.८ किलोवॅट उष्णता आत येते. सगळीकडे १९ मिमी असतं तर ती १.१ किलोवॅटवर राहिली असती. फरक सुमारे अर्ध्या टनाचा, तोही साडेपाच टनांतला. या आकड्यांनी शेवटच्या ग्रिलवरची चार अंशांची वाढ समजते. उरलेली दीड अंशाची वाढ तापलेल्या पत्र्याची थेट झळ, चेपलेल्या जागा आणि एका फ्लँजच्या फटीतून सुटणारी हवा, यांच्यामुळे असावी. ती फट हाताला स्पष्ट जाणवत होती.

मित्राने पुढे जे दाखवलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे, खाडीकाठच्या दमट हवेत, जाडी उन्हाळ्यावर नाही, पावसाळ्यावर ठरते. जुलैत पोकळीत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो. इन्सुलेशनचा बाहेरचा पृष्ठभाग त्याच्या खाली गेला की घाम फुटणार. फॉइलवाल्या ९ मिमीचा पृष्ठभाग २३ अंशांवर येतो, म्हणजे पाणी नक्की. फॉइलवाल्या १९ मिमीचा येतो २५.७ वर, म्हणजे कोटेशनप्रमाणे प्रामाणिक काम झालं असतं तरी दमट दिवशी ओल आलीच असती! कारण चकचकीत फॉइल भोवतालची उष्णता कमी घेतं, त्यामुळे पृष्ठभाग जास्त गार राहतो. तापलेल्या पत्र्याखाली तेच फॉइल उपयोगी पडतं, पण पावसाळ्याचे चार महिने ते उलटं काम करतं. काचेच्या कापडाचं निस्तेज आवरण घेतलं तर २५ मिमीला पृष्ठभाग साडेसत्तावीसच्या आसपास राहतो. दवबिंदूपासून दीड अंश सुरक्षित. मी तेच निवडलं. याहून जाड घेऊन फार फायदा नाही, कारण ९ वरून १९ वर गेलं की उष्णता चाळीस टक्क्यांनी घटते, पण १९ वरून २५ वर फक्त वीसेक टक्क्यांनी.

कंत्राटदाराला फोटो पाठवले. आधी म्हणाला, ‘कामगारांनी परस्पर केलं असेल.’ मग म्हणाला, ‘साहेब, १९ चा माल तेव्हा मिळत नव्हता.’ तरी बिलात १९ चाच दर लावला होता. त्यानंतर फोन उचललाच नाही. शेवटचे दहा टक्के माझ्याकडे राहिले, पण डक्ट उतरवून पुन्हा टांगायचा खर्च त्याच्या कितीतरी वर गेला.

दुरुस्ती गणपतीनंतर केली. सगळा डक्ट खाली घेतला, जुनं इन्सुलेशन खरवडलं, जोड सीलंटने भरले. जमिनीवरच चारही बाजूंना २५ मिमी चिकटवलं, प्रत्येक जोड गोंदाने बंद करून वर टेप मारली, कारण जोडातून दमट हवा आत शिरली तर इन्सुलेशनच्या मागे, न दिसता, पत्र्यावर पाणी साचतं. हँगर चार इंच खाली घेतले आणि प्रत्येक अँगलवर लाकडी ठोकळा ठेवला. टांगण्याआधी मी स्वतः प्रत्येक तुकड्यात वरच्या बाजूने सुई घालून मोजलं. इन्सुलेशनला पडलेलं सुईचं प्रत्येक भोक मग टेपने बंद केलं.

यंदाच्या मे महिन्यात दुपारी दोनला मशीनच्या तोंडाशी १३ अंश आणि शेवटच्या ग्रिलवर १४.५. स्प्लिट घ्यावं लागलं नाही. जुन्या इन्सुलेशनचे दोन तुकडे, ट्रॅप डोअरपाशी कापलेला १९ चा आणि चार फूट पुढचा ९ चा, लॅबच्या टेबलाच्या खणात ठेवले आहेत. आमच्या इस्टेटमध्ये कुणी डक्टचं काम काढलं की मी ते दोन्ही आणि एक सुई घेऊन जातो.