प्लेसमेंट पोर्टलवर सीजीपीए, बॅकलॉग आणि प्रोजेक्ट कसे भरायचे: पर्याय समोरासमोर

सहावं सेमिस्टर संपलं की टीपीओची लिंक येते आणि प्रोफाइल लॉक व्हायला आठ-दहा दिवस उरतात. त्या दिवसांत प्लेसमेंट सेलच्या दारात तेच तीन प्रश्न घेऊन मुलं उभी असतात. टक्केवारी किती लिहू? सुटलेले विषय दाखवू का? प्रोजेक्ट किती टाकू? मी काही वर्षं त्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसून प्रोफाइल तपासली आहेत. माझं मत आधीच सांगते. सीजीपीए आणि बॅकलॉग या रकान्यांवर फिल्टर लागतो, ते कुणी वाचत बसत नाही. तिथे मार्कशीटवर आहे तेच, आहे तसंच लिहायचं. प्रोजेक्टचा रकाना मात्र माणूस वाचतो, म्हणून तुमचा वेळ तिथे गेला पाहिजे. बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात. आकड्यांवर चार दिवस डोकं लावतात आणि प्रोजेक्टची ओळ शेवटच्या रात्री मित्राच्या प्रोफाइलवरून उचलतात.

समजायला एक उदाहरण घेऊ. कॉम्प्युटर शाखेची विद्यार्थिनी. सहा सेमिस्टरचे एसजीपीए 5.9, 6.2, 6.6, 7.0, 7.1 आणि 7.4. प्रत्येक सेमिस्टरची क्रेडिट्स सारखी धरली तर सीजीपीए येतो 6.70. पहिल्या वर्षी एम-टू आणि मेकॅनिक्स राहिले होते, आता दोन्ही सुटले आहेत.

सीजीपीए की टक्के

पोर्टल दोन्ही विचारत असेल तर सीजीपीए मार्कशीटवरचा, दोन दशांश स्थळांसह लिहायचा. 6.70 चा 7 करायचा नाही, 6.8 सुद्धा नाही. खरा घोळ होतो तो टक्क्यांच्या रकान्यात. एकाच 6.70 चे वेगवेगळ्या पद्धतींनी टक्के असे येतात:

| पद्धत | हिशेब | टक्के |
|---|---|---|
| नुसतं दहाने गुणणं | 6.70 × 10 | 67.00 |
| सीबीएसई दहावीची जुनी पद्धत | 6.70 × 9.5 | 63.65 |
| एआयसीटीईच्या कोष्टकाप्रमाणे | (6.70 − 0.75) × 10 | 59.50 |

एआयसीटीईच्या कोष्टकात 6.25 म्हणजे 55 टक्के आणि 6.75 म्हणजे 60 टक्के. कंपनीची अट 60 टक्के असेल तर पहिल्या दोन ओळींनी ही मुलगी आत जाते, तिसरीने अर्ध्या टक्क्याने बाहेर राहते. मग कुठली ओळ घ्यायची? तुमच्या विद्यापीठाने तुमच्या पॅटर्नसाठी जे सूत्र दिलं आहे तीच. ते बहुतेक मार्कशीटच्या मागे छापलेलं असतं किंवा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात मिळतं. दहावीला साडेनऊने गुणलं होतं म्हणून इथेही गुणायचं, ही चूक मी दरवर्षी पाहिली आहे. आणि 59.50 चे 60 करणं म्हणजे राउंड ऑफ नव्हे. जॉइनिंगच्या वेळी कंपनी विद्यापीठाचं रूपांतर प्रमाणपत्र मागते आणि त्यावर 59.50 च असतं.

पण तिने अट नीट वाचली तर तिच्यासाठी अजून एक दार उघडं आहे. बऱ्याच मोठ्या सेवा कंपन्या अट लिहितात ती ‘60 टक्के किंवा 6 सीजीपीए’ अशी. तिथे सीजीपीएचा रकाना भरलेला असला की 6.70 सरळ बसतो. तो रिकामा ठेवून फक्त टक्के भरले तर हातची संधी आपणच घालवली. म्हणून दोन्ही रकाने असतील तर दोन्ही भरा. एकच निवडायचा असेल तर सीजीपीए निवडा आणि शेजारी ‘स्केल’ विचारला असेल तिथे 10 टाका. तो रकाना चुकून 4 वर राहिलेली प्रोफाइलही मी पाहिली आहेत. सिस्टम ती स्वीकारत नाही किंवा भलताच आकडा दाखवते.

नुसती 60 टक्क्यांचीच अट असलेल्या कंपन्यांसाठी पुढचा हिशेबही करून ठेवावा. सात सेमिस्टर मिळून 6.75 यायला एकूण 47.25 हवेत, आत्ताचे होतात 40.2. म्हणजे सातव्याला 7.05 पडले की ती 60 टक्क्यांवर येते. सहाव्यात तिचे 7.4 आहेत, त्यामुळे हे सहज जमण्यासारखं आहे. निकाल लागला की त्याच दिवशी टीपीओकडे प्रोफाइल अनलॉक करायचा अर्ज द्यायचा. लॉक झालेला जुना आकडा आपोआप बदलत नाही.

बॅकलॉग: शून्य, दोन की तीन

पोर्टलवर बहुतेक दोन वेगळे रकाने असतात. एक चालू बॅकलॉगचा, म्हणजे आज जे विषय राहिलेले आहेत. दुसरा इतिहासाचा, म्हणजे कधीतरी राहिले आणि नंतर सुटले, ज्यांना मुलं ‘डेड बॅक’ म्हणतात. या मुलीचा चालू आकडा शून्य. इतिहासात काय लिहायचं यावर तिच्या मैत्रिणींनी तीन सल्ले दिले.

पहिला सल्ला, शून्य लिही, सुटले ना आता. दुसरा, दोन लिही, कारण विषय दोन. तिसरा, तीन लिही, कारण एम-टू दोनदा गेला होता आणि मेकॅनिक्स एकदा. बरोबर उत्तर रकान्याच्या नावावर आहे. ‘एकूण बॅकलॉग’ विचारलं असेल तर विषय मोजतात, म्हणून दोन. ‘अटेम्प्ट’ विचारले असतील तर नापास झालेले प्रयत्न मोजायचे, म्हणून तीन. रीव्हॅलमध्ये सुटलेला विषय धरायचा की नाही, हे टीपीओला मेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. तोंडी उत्तर सहा महिन्यांनी कुणाच्याच लक्षात नसतं.

शून्य लिहिण्याचा मोह मला समजतो. ‘बॅकलॉगचा इतिहास नको’ अशी अट घालणाऱ्या कंपन्या असतात आणि दोन लिहिलं की त्या यादीतून दिसेनाशा होतात. पण ते लपत कसं नाही, तेही बघा. प्रत्येक मार्कशीटवर परीक्षेचा महिना आणि वर्ष असतं. दुसऱ्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर उन्हाळी सत्राऐवजी पुढच्या वर्षीचं सत्र दिसलं की तपासणाऱ्याला लगेच कळतं. ही तपासणी होते ऑफर लेटर आल्यानंतर, कधी जॉइनिंगच्या दिवशी. तोवर कॉलेजच्या ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ या नियमामुळे बाकीच्या कंपन्या हातातून गेलेल्या असतात. ऑफर रद्द होते आणि कॉलेजही उरलेल्या सीझनसाठी नाव काढतं. दोन लिहून जेवढ्या कंपन्या जातात, त्यापेक्षा हे नुकसान खूप मोठं आहे.

एक उलटी चूकही होते आणि तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. निकाल लागून विषय सुटलेला असतो, पण प्रोफाइलमध्ये चालू बॅकलॉग 1 तसाच राहतो. चालू बॅकलॉगवरचा फिल्टर सगळ्यात कडक असतो, आणि नाव यादीत का आलं नाही हे मुलाला शेवटपर्यंत कळत नाही. निकाल जाहीर व्हायचा असेल तर तो विषय चालूच धरायचा. जाहीर झाला की सुधारित मार्कशीट अपलोड करून आकडा बदलून घ्यायचा. विषय सुटल्यावर त्या सेमिस्टरचा एसजीपीएही बदलतो, म्हणजे सीजीपीएचा रकानाही त्याच अर्जात दुरुस्त करायला हवा.

प्रोजेक्ट: चार की दोन

पोर्टल पाच प्रोजेक्टपर्यंत जागा देतं म्हणून पाच भरायची गरज नाही. या मुलीकडे चार होते: फेस रेकग्निशनवर हजेरी घेणारा गटाचा प्रोजेक्ट, एक कॅल्क्युलेटर, एक ऑनलाइन कोर्समधलं जसंच्या तसं केलेलं वेदर ॲप आणि मेसच्या काकूंसाठी स्वतः केलेलं खाड्यांचं ॲप. तिने पहिले तीन ठेवले होते. खाड्यांचं ॲप ‘फार छोटं आहे’ म्हणून काढून टाकलं होतं.

हजेरीच्या प्रोजेक्टची तिची मूळ ओळ मराठीत सांगायची तर अशी होती: ‘पायथन आणि ओपनसीव्ही वापरून चेहरा ओळखून हजेरी लावणारी स्मार्ट प्रणाली.’ गटातल्या चौघांच्या प्रोफाइलवर हीच ओळ, अक्षरही न बदलता. मुलाखत घेणाऱ्यासमोर ती चौघं एकाच दुपारी एकामागून एक येतात. चौथ्यापर्यंत तो प्रोजेक्टवर विचारणंच सोडून देतो.

ती ओळ आम्ही अशी बदलली: ‘चौघांचा गट. माझं काम: 62 विद्यार्थ्यांचे प्रत्येकी 20 फोटो जमवणं आणि एका तासाला एकाची एकच नोंद होईल याची व्यवस्था. ओळखण्यासाठी एलबीपीएच. खिडकीजवळच्या बाकांवर ठीक चाललं, मागच्या बाकांवर ट्यूबलाइटच्या उजेडात चुकीची नावं येत होती.’ शेवटचं वाक्य लिहायला ती तयार नव्हती. म्हणाली, “मॅडम, दोष कशाला सांगायचा?” पण तेच वाक्य वाचून समोरचा विचारतो, मग तुम्ही काय केलंत?

या प्रोजेक्टमध्ये काम कुणी केलं हे एका प्रश्नात कळतं. ओपनसीव्हीचा एलबीपीएच ओळखीबरोबर जो ‘कॉन्फिडन्स’ नावाचा आकडा देतो, तो खरं म्हणजे अंतर असतो; जितका कमी, तितकी ओळख पक्की. ज्याने स्वतः चालवून पाहिलंय तो पहिल्याच संध्याकाळी इथे अडखळलेला असतो. ज्याने प्रोजेक्ट विकत घेतला तो बेधडक सांगतो की आकडा जास्त म्हणजे चांगलं. म्हणून टाकण्यापूर्वी स्वतःला विचारा: यातला कुठला आकडा मी स्वतः बदलून पाहिला? उत्तर नसेल तर तो प्रोजेक्ट काढा.

आता खाड्यांचं ॲप. नियम साधा होता. सलग तीन दिवसांच्या आतला खाडा धरायचा नाही, आणि सकाळी दहानंतर कळवलं तर खाडा संध्याकाळच्या डब्यापासून. पीएचपी आणि मायएसक्यूएल. 38 मुलींचा महिन्याचा हिशेब काकू त्यावर करत होत्या. तिची पहिली आवृत्ती महिना बदलताना चुकायची. 30 तारखेला सुरू झालेला खाडा 1 तारखेला तुटायचा आणि दोन्ही तुकडे तीन दिवसांच्या आत पडून पैसे कापलेच जायचे नाहीत. ते तिने तारखांची सलग मोजणी करून दुरुस्त केलं. हे सांगताना तिला आठवावं लागत नव्हतं.

म्हणून माझा सल्ला दोनच प्रोजेक्टचा होता, कॅल्क्युलेटर आणि वेदर ॲप बाहेर. क्रम मात्र कंपनीप्रमाणे ठरतो. शेकडो मुलं घेणाऱ्या सेवा कंपनीत फायनल इयर प्रोजेक्ट आधी विचारतात, तिथे हजेरी वर ठेवा. पंधरा-वीस जणांची प्रॉडक्ट कंपनी असेल तर खाड्यांचं ॲप वर ठेवा आणि कोडची लिंक द्या, कारण तिथे प्रोफाइल वाचणाराच पुढे रोज तुमच्याबरोबर बसणार असतो. पोर्टल कंपनीगणिक क्रम बदलू देत नसेल तर त्या महिन्यात आधी कोण येणार आहे ते टीपीओच्या वेळापत्रकात बघून एकच क्रम ठरवा, आणि बदललेला क्रम रेझ्युमेच्या पीडीएफमध्ये ठेवा. बहुतेक पोर्टलवर ती पीडीएफ प्रत्येक अर्जाला वेगळी जोडता येते.