फळ्यावरची चकाकी आणि पोलरायझिंग फिल्टर: आठ महिन्यांचा अनुभव

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझे तास स्वतःच रेकॉर्ड करतो. व्हाइटबोर्डच्या वरच्या भागात दर व्हिडिओत एक पांढरा पट्टा यायचा. त्यातलं समीकरण वाचता येत नाही, असं मुलं पुन्हा पुन्हा सांगायची. त्यासाठी आठ महिन्यांपूर्वी मी लेन्सवर लावायचा पोलरायझिंग फिल्टर घेतला. तो मी दोन वर्गांत वापरला. एका वर्गात तो निरुपयोगी ठरला, दुसऱ्यात आता त्याच्याशिवाय रेकॉर्डिंग करत नाही. फिल्टर एकच, पण असं का झालं, हे सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्गात कॅमेरा फळ्याच्या बरोबर समोर, चार मीटरवर. फिल्टर लावला, रिंग पूर्ण फिरवून पाहिली, पट्टा जागचा हलला नाही. फिल्टर खराब आहे असं वाटून मी दुसराही मागवून पाहिला. तोही तसाच. मग कागद-पेन घेऊन बसलो आणि चूक लक्षात आली. काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश तिरका आला तरच ध्रुवीकृत होतो. काचेसाठी हा कोन लंबापासून सुमारे ५६ अंश असेल तर ध्रुवीकरण पूर्ण होतं आणि सगळी चकाकी फिल्टरने जाते. ४५ अंशांना साधारण ८३ टक्के जाते. १७ अंशांना मात्र जेमतेम १२ टक्के. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखेच असतात, त्यामुळे दिवा कुठेही असला तरी हा कोन ठरतो तो कॅमेरा फळ्याकडे किती तिरका पाहतो त्यावरून. माझा फळा २.४ मीटर रुंद आहे. चार मीटरवरून समोरून पाहिलं तर त्याची टोकंसुद्धा १७ अंशांपलीकडे जात नाहीत. म्हणजे समोरच्या कॅमेऱ्याला कोणताही फिल्टर लावला तरी तेच झालं असतं. हे विकत घेण्याआधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून इथे आधी लिहितोय.

मग पट्टा येत होता कुठून? माझा संशय फळ्याजवळच्या ट्यूबलाइटवर होता, कारण ती सगळ्यात प्रखर दिसते. ती बंद केली, पट्टा तसाच. एका सहकाऱ्याने युक्ती सुचवली: मोबाइलचा बंद स्क्रीन चकाकीच्या जागी फळ्याला सपाट टेकवून धरायचा आणि कॅमेऱ्यातून त्यात काय दिसतं ते पाहायचं. त्यात दिसली ती कॅमेऱ्याच्याही मागची, फळ्यापासून पाच मीटरवरची ट्यूब. हिशेबही तेच सांगतो. छताचे दिवे तीन मीटर उंचीवर, लेन्स १.२ मीटरवर. दीड मीटरवरच्या ट्यूबचं प्रतिबिंब जमिनीपासून अडीच मीटरवर, म्हणजे फळ्याच्या वर भिंतीवर पडतं. पाच मीटरवरच्या ट्यूबचं बरोबर दोन मीटरवर, आणि फळ्याची वरची कड आहे २.१ मीटरवर. दिवा जितका मागे, तितकं प्रतिबिंब खाली, फळ्याच्या आत उतरतं. म्हणून पुढचा दिवा खुशाल चालू ठेवा, मागच्या रांगा बंद करा.

मागचे दिवे बंद केले तर मुलांच्या वह्यांवर अंधार पडतो. म्हणून शेवटी कॅमेराच वर नेला. लेन्स आता २.३ मीटरवर, फळ्याच्या वरच्या कडेपेक्षा थोडी उंच आहे. या उंचीवरून लेन्सची नजर फळ्यावर खालच्या दिशेने पडते आणि परावर्तित होऊन खालीच जाते. छत फळ्यात दिसूच शकत नाही, दिसतात ती बाकं आणि जमीन. वरचा पट्टा त्याच दिवशी गेला. चौकट किंचित निमुळती दिसते, ती एडिटिंगमध्ये सरळ होते.

फिल्टरने खरं काम केलं ते दुसऱ्या, लहान वर्गात. तिथे समोर जागा नाही. कॅमेरा बाजूच्या भिंतीवर आहे, फळ्याच्या मध्याकडे ४५ अंशांत पाहणारा. कॅमेऱ्यासमोरच्या भिंतीवरची खिडकी अख्खी फळ्यात उतरायची. फिल्टर फिरवत गेलो तसतशी खिडकी विरत गेली, आणि खालचं लेखन वर आलं. पण परिणाम सगळीकडे सारखा नाही. कॅमेऱ्यापासून दूरच्या टोकाला कोन ५४ अंशांच्या आसपास आहे, तिथे फळा स्वच्छ होतो. जवळच्या टोकाला तो ३१ अंशच आहे, तिथे जवळपास ४० टक्केच चकाकी कमी होते. म्हणून मी लेखन दूरच्या टोकापासून सुरू करतो. फिल्टरची योग्य स्थिती सापडल्यावर रिंगवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे. नाहीतर पुसताना ती फिरते आणि तासभराचं रेकॉर्डिंग वाया जातं. माझं एकदा गेलं.

किंमत मोजावी लागते ती प्रकाशाची. हा फिल्टर सुमारे दीड स्टॉप खातो. ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली लुकलुक नको म्हणून शटर १/५० वर ठेवावं लागतं, त्यामुळे आयएसओ ४०० वरून ११०० ते १२०० पर्यंत न्यावा लागला. गडद भागांत दाणे दिसतात. हिरव्या मार्करच्या बारीक रेघा त्यात थोड्या हरवतात. काळा आणि निळा टिकतो.

पहिल्या वर्गात मागच्या भिंतीची खिडकी अजून छळते. दुपारी फळ्यावर तिचा दुधी डाग येतो. कोन इतका कमी की फिल्टरचा उपयोग नाही, आणि पडदा रोज कुणी ओढत नाही. इथे मी कोऱ्या फळ्याची वजाबाकी करतो. तासाआधी फळा पुसून, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून काही सेकंद रेकॉर्ड करतो. चकाकी म्हणजे वरून मिसळलेला जास्तीचा प्रकाश, त्यामुळे ती कोऱ्या चित्रातही तेवढीच असते आणि वजा होते.

सुरुवातीला मी पिक्सेलच्या किमती थेट वजा केल्या. साध्या जागी कोरा फळा १८० आणि रेघ ७०, म्हणजे फरक ११०. डागाखाली कोरा २३८ आणि रेघ १७८, फरक फक्त ६०. रेघ अर्धवट उमटली. कारण व्हिडिओतल्या किमती प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. त्या आधी सरळ प्रमाणात आणल्या की दोन्हीकडचा फरक जवळपास सारखाच येतो:

```python
lin = lambda x: (x.astype("float32") / 255) ** 2.2
W = 0.465   # lin(180)
d = lin(blank) - lin(frame)
out = 255 * ((W - d) / W).clip(0, 1) ** (1 / 2.2)
```

याच्या दोन मर्यादा आहेत. डाग २५५ ला टेकला असेल तर त्याखालची रेघ कॅमेऱ्याने टिपलेलीच नसते, मग काहीही करा. म्हणून डागाची सर्वांत उजळ जागा २४० च्या खाली राहील इतकं एक्स्पोजर मी आधीच कमी ठेवतो. आणि शिकवणारा डागासमोर उभा राहिला की तो चकाकी अडवतो, वजाबाकी मात्र तिथेही होते. अंगावर खिडकीच्या आकाराचा काळा डाग उमटतो. त्यामुळे ही पद्धत मी व्हिडिओवर वापरत नाही, फक्त मी बाजूला झाल्यावरच्या चित्रांवर, नोट्ससाठी. ढग सरकले तर जुनं कोरं चित्र चालत नाही, म्हणून फळा पुसला की दर वेळी नवं घेतो.

रंगवलेल्या काचेच्या फळ्यावरही फिल्टर लावून पाहिला. कोनांचं गणित तेच. फरक इतकाच की काचेत दिव्याची कड धारदार दिसते, तर जुन्या, घासलेल्या व्हाइटबोर्डवर तीच चकाकी पसरून मोठी जागा व्यापते. काचेवर कॅमेरा जरा हलवून प्रतिबिंब फळ्याबाहेर ढकलता येतं. घासलेल्या फळ्यावर ते जमत नाही, तो बदलावाच लागतो. लहान वर्गातल्या फळ्याचं मधोमध घासलेलं अंग फिल्टर लावूनही धूसरच दिसतं.