फ्लश ड्रॉ: ३६, ३५ की १९? कोणता आकडा कधी धरायचा

टेक्सस होल्डेममधला एक डाव घेऊ. तुमच्या हातात बदाम एक्का आणि बदाम सत्ती. फ्लॉपला टेबलावर उघडले बदाम राजा, बदाम नव्वी आणि किलवर चव्वी. चार बदाम जमले, पाचवा आला की फ्लश. (तीन पत्तीत आपण ज्याला कलर म्हणतो तोच हा, फक्त इथे पाच पत्ते लागतात.) अजून दोन पत्ते उघडायचे आहेत, आधी टर्न आणि मग रिव्हर. पाचवा बदाम येण्याची शक्यता किती?

तीन जणांना विचारलंत तर तीन उत्तरं मिळतात. एक म्हणतो ३६ टक्के, दुसरा ३५, तिसरा १९. पहिल्या दोघांचा वाद तासभर चालतो, आणि माझ्या मते तो वाद घालण्याच्या लायकीचाच नाही. खरा घोळ तिसऱ्या आकड्यात आहे.

आधी नेमका हिशेब. कॅटमध्ये तेरा बदाम, त्यातले चार दिसले, राहिले नऊ. हे तुमचे आउट्स. एकूण ५२ पैकी पाच पत्ते तुम्ही पाहिलेत, म्हणजे न पाहिलेले ४७. आता 'बदाम येईल का' असं मोजण्यापेक्षा 'दोन्ही वेळा हुकेल का' असं मोजणं सोपं. टर्नला हुकवणारे पत्ते ४७ पैकी ३८, आणि तिथे हुकल्यावर रिव्हरला ४६ पैकी ३७. गुणाकार केला की ०.६५०३ येतं. शंभरातून ६५.०३ वजा केले की उरले ३४.९७. म्हणजे ३५ टक्के. कॉम्प्युटरवर पडताळायचं असेल तर एवढंच पुरतं:

```python
from math import comb
print(1 - comb(38, 2) / comb(47, 2))
```

उत्तर ०.३४९७ च्या आसपास येईल.

इथे नवशिक्यांची एक चूक ठरलेली असते. ते ९/४७ आणि ९/४६ यांची सरळ बेरीज करतात आणि ३८.७ टक्के काढतात. त्यात टर्नलाही बदाम आणि रिव्हरलाही बदाम असे डाव दोनदा मोजले जातात. शिवाय ९/४६ हा आकडा टर्न हुकल्यावरच लागू होतो, तो आधीच मिळवून चालत नाही.

दुसरी शंका हमखास येते: समोरच्यांच्या हातात बदाम असतील त्याचं काय? असतीलही. पण तुम्हाला ते दिसत नाहीत. जो पत्ता तुम्ही पाहिला नाही तो कॅटच्या वर आहे, तळाला आहे की शेजाऱ्याच्या हातात, याने तुमच्या हिशेबात फरक पडत नाही. टेबलावर दोघे असोत की नऊ, भाजक ४७ च.

आता टेबलावरचा तोंडी हिशेब. फ्लॉपला आउट्स गुणिले चार आणि टर्ननंतर आउट्स गुणिले दोन, हा जगभर चालणारा नियम. नऊ चोक छत्तीस, म्हणून ३६ टक्के. खऱ्यापेक्षा एक टक्का जास्त. त्याचीच सुधारलेली आवृत्ती अशी: आउट्स आठपेक्षा जितके जास्त, तितके टक्के शेवटी वजा करा. नऊला एक वजा, म्हणजे ३५. आउट्स वाढत जातात तसा साधा नियम भरकटतो आणि सुधारलेला बऱ्यापैकी टिकतो:

| आउट्स | नेमकं | गुणिले चार | सुधारून |
|---|---|---|---|
| ९ (नुसता फ्लश ड्रॉ) | ३४.९७% | ३६% | ३५% |
| १२ (फ्लश ड्रॉ आणि एक मोठा पत्ता) | ४४.९६% | ४८% | ४४% |
| १५ (फ्लश आणि दुतर्फा स्ट्रेट, दोन्हींचा ड्रॉ) | ५४.१२% | ६०% | ५३% |

पंधरा आउट्सना साठ टक्के धरून बसणारा माणूस स्वतःची चांगलीच फसगत करून घेतो, तिथे सुधारलेला नियमच वापरावा. पण नुसत्या नऊ आउट्सना? ३६ की ३५ याने निर्णय नक्की कधी बदलतो ते मोजून पाहू. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १००० चिप्स आहेत आणि समोरचा ऑल-इन गेला, म्हणजे त्याने उरलेल्या सगळ्या चिप्स लावल्या. त्याची बेट ११६३ च्या आत असेल तर दोन्ही आकडे 'कॉल कर', म्हणजे तेवढ्याच चिप्स घाल, असं म्हणतात. १२८६ च्या वर असेल तर दोन्ही 'फोल्ड कर', म्हणजे पत्ते टाक, असं म्हणतात. या दोन रकमांच्या मधल्या पट्टीतच ३६ वाला चुकतो, आणि सगळ्यात वाईट जागीही, म्हणजे १२८६ ला, सरासरी तोटा होतो सुमारे ३७ चिप्सचा. दोन हजारांहून मोठ्या पॉटमध्ये ३७. यासाठी टेबलावर ४७ आणि ४६ चे भागाकार करत बसणाऱ्याला मी तरी हात जोडेन.

आता तिसऱ्याचे १९. तो चुकीचं सांगत नाही, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. फक्त टर्नला बदाम येण्याची शक्यता ९/४७, म्हणजे १९.१५ टक्के. टर्न हुकल्यावर फक्त रिव्हरला ९/४६, म्हणजे १९.५७. 'गुणिले दोन' वाला नियम दोन्हींना १८ देतो, खऱ्यापेक्षा थोडा कमी, पण चालतो.

३५ टक्के तुमच्या नावावर कधी लागतात? दोन्ही पत्ते बघण्याचे पैसे आत्ताच चुकते झाले असतील तेव्हा. म्हणजे तुम्ही किंवा समोरचा ऑल-इन आहे, आणि पुढे कुणी तुमच्याकडे आणखी चिप्स मागू शकत नाही. दोघांकडेही चिप्स शिल्लक असतील, तर आत्ताच्या कॉलने तुम्ही फक्त टर्नचा पत्ता विकत घेता. रिव्हरसाठी बहुतेक वेळा पुन्हा मोजावं लागतं.

त्याच हातावर दोन प्रसंग लावून बघा. पॉट १०००, समोरच्याची बेट ५००. तुम्हाला ५०० घालून आधीचे १५०० मिळवायचे आहेत, एकूण पॉट होईल २०००. म्हणजे निदान २५ टक्के शक्यता हवी.

प्रसंग पहिला: ते ५०० म्हणजे त्याच्या शेवटच्या चिप्स. तुमचे ३५ टक्के २५ पेक्षा बरेच वर. फ्लश लागला की तुम्ही जिंकता असं धरलं, तर प्रत्येक कॉलला सरासरी सुमारे १९९ चिप्सचा फायदा. डोळे झाकून कॉल.

प्रसंग दुसरा: त्याच्यासमोर अजून चिप्सचा ढीग आहे, आणि टर्नला बदाम नाही आला तर तो अशी मोठी बेट लावणार की तुम्हाला फोल्ड करावंच लागेल. आता तुमच्याकडे १९.१५ टक्केच आहेत. फ्लश लागल्यावर त्याच्याकडून पुढे काहीच मिळालं नाही असं धरा: प्रत्येक कॉलला सरासरी ११७ चिप्सचा तोटा. हात तोच, फ्लॉप तोच, बेट तीच. ३६ आणि ३५ च्या वादातले ते ३७ चिप्स आता आठवा.

अर्थात दुसऱ्या प्रसंगातही कॉल कधीकधी बरोबर असतो. १९.१५ टक्के म्हणजे हुकण्याचं प्रमाण सुमारे ४.२ ला १, तर ५०० च्या बदल्यात साधारण २११० मिळायला हवेत. पॉट देतोय १५००. कमी पडतात ६१० च्या आसपास. बदाम आल्यावर हा माणूस आणखी ६१० देईल का, हा तुमचा खरा प्रश्न. टेबलावर तिसरा बदाम दिसताच जो पत्ते टाकतो त्याच्याकडून ते निघत नाहीत. जोडीला चिकटून बसणाऱ्याकडून आरामात निघतात. कधी टर्नला तो नुसता चेक करतो आणि रिव्हर फुकट दिसतो, तेव्हाही हिशेब तुमच्या बाजूला सरकतो.

टक्क्यांऐवजी प्रमाणात मोजणाऱ्यांना इथे सोय आहे. दोन्ही पत्त्यांसाठी हुकण्याचं प्रमाण १.८६ ला १, म्हणजे जेमतेम दोनास एक. एका पत्त्यासाठी चारास एकच्या थोडं वर. पॉट देतोय १५०० ला ५००, म्हणजे तीनास एक. दोन आणि चारच्या मधोमध तीन: ऑल-इन असेल तर कॉल, नसेल तर विचार. मी टेबलावर हेच दोन आकडे धरतो. टक्के काढण्याचं काम घरी, वहीत.

एक गोष्ट मात्र यातल्या कोणत्याच पद्धतीत दिसत नाही. वरचे सगळे आकडे फ्लश लागण्याचे आहेत, जिंकण्याचे नाहीत. समोरच्याकडे इस्पिक चव्वी आणि चौकट चव्वी असेल, तर त्याचा तीन चव्व्यांचा सेट तयार आहे. मग बदाम चव्वी तुमचा फ्लश करते पण त्याच्या चारही चव्व्या पूर्ण करते, म्हणून नऊचे आठच झाले. शिवाय फ्लश लागूनही टेबलावर जोडी पडली, म्हणजे आणखी एखादा राजा किंवा नव्वी आली किंवा टर्न आणि रिव्हर एकाच अंकाचे निघाले, की त्याचं फुल हाउस, आणि ते फ्लशला हरवतं. दोघांचे पत्ते उघडे धरले तर न दिसलेले ४५ उरतात, त्यांच्या टर्न-रिव्हरच्या जोड्या ९९०, आणि त्यातल्या २४४ मध्येच तुम्ही जिंकता. २४.६५ टक्के. मघाशी १९९ चिप्स मिळवून देणारा ऑल-इन कॉल आता सरासरी सात चिप्सच्या तोट्यात जातो.

उलट समोरच्याकडे राजा आणि राणी असेल तर त्याची राजांची जोडी आहे, आणि तुमचा एक्का आला तरी ती हरते. तीन एक्के धरून आउट्स बारा, म्हणजे ४५ टक्क्यांच्या आसपास. राजासोबत त्याच्याकडेही एक्का असेल तर ते एक्के निरुपयोगी.

या फ्लॉपवर सेट किती प्रकारे जमतो ते मोजता येतं. राजाचे तीन, नव्व्यांचे तीन, चव्व्यांचे तीन, मिळून नऊ. राजा-राणी बारा प्रकारे जमते, तुमच्या हातातला बदाम एक्का वगळून एक्का-राजा नऊ प्रकारे. म्हणून अनोळखी माणसाच्या पाचशेच्या ऑल-इनला मी सेटच्या भीतीने पत्ते टाकत नाही. दोन तास नुसता चहा पीत बसलेला, एकही हात न खेळलेला माणूस अचानक सगळ्या चिप्स पुढे सरकवतो, तेव्हा मात्र ३५ चे २५ धरून बघतो.