प्लास्टिक आणि पॅकेजिंगचे गोदाम: साधे स्प्रिंकलर, ईएसएफआर की रॅकमधले स्प्रिंकलर?

गोदामाच्या मालकांकडून पहिला प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "स्प्रिंकलर बसवून झाले आहेत, आता थप्पी किती उंच लावू?" खरे तर क्रम उलटा असायला हवा. कोणता माल, किती उंच, कोणत्या रॅकवर आणि गल्ली किती रुंद, हे आधी ठरते आणि स्प्रिंकलर त्यावरून निवडले जातात. यातली एक गोष्ट नंतर बदलली, तर बाकीची गणिते कागदावरच राहतात. म्हणून येथे तीन पर्यायांची तुलना एकच गोदाम समोर ठेवून केली आहे.

हे गोदाम २४ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना उतरते पत्र्याचे छप्पर आढ्यापाशी ९ मीटर आणि भिंतीपाशी ७.८ मीटर उंचीवर आहे. पाण्याची टाकी ३०० घनमीटरची आहे. माल तीन प्रकारचा आहे: खोक्यांमध्ये भरलेले पॉलिप्रोपिलीनचे डबे, पॉलिथिलीन फिल्मचे रोल आणि थर्माकोलचे उघडे साचे. मालकाला जमेल तेवढी उंची वापरायची आहे.

आधी मालाबद्दल. लाकूड किंवा पुठ्ठा जळताना दर किलोमागे साधारण १६ ते १८ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीनच्या बाबतीत तोच आकडा ४३ ते ४६ च्या घरात जातो. त्यातच हे प्लास्टिक वितळते, पॅलेटच्या फटींतून खाली गळते आणि जमिनीवर जळत्या तेलासारखे पसरत शेजारच्या पॅलेटखाली शिरते. म्हणूनच स्प्रिंकलरसाठीच्या एनएफपीए १३ या अमेरिकी मानकात पॉलिथिलीन, पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिस्टायरीन ही प्लास्टिके 'अ' गटात, म्हणजे सर्वांत कडक गटात मोडतात. साध्या मालाची साठवण ३.७ मीटरच्या वर गेली की ती उंच साठवण समजली जाते. या गटाला ती सवलत केवळ १.५ मीटरपर्यंतच मिळते. छातीएवढ्या थप्पीपाशीच वेगळे नियम सुरू होतात, हे ऐकून अनेक जण चकित होतात.

पहिला पर्याय म्हणजे छपराखाली बसवलेले साधे, आग आटोक्यात ठेवणारे स्प्रिंकलर. यांच्याकडून आग विझेल अशी अपेक्षाच नसते. आगीभोवतीचा माल भिजवायचा, छपराचे पोलाद थंड ठेवायचे आणि अग्निशमन दल येईपर्यंत आग एका मर्यादेत थोपवायची, एवढेच त्यांचे काम. आग बराच वेळ जळत राहणार हे गृहीत असल्यामुळे पाणीही बराच वेळ पुरवावे लागते. उदाहरणासाठी दर मिनिटाला २४.४ मिलिमीटर पाणी २३२ चौरस मीटरवर, असे धरू. हे होते मिनिटाला सुमारे ५,६६० लिटर. त्यात होजसाठी १,९०० लिटर मिळवले आणि दोन तासांनी गुणले, तर सुमारे ९०७ घनमीटर पाणी लागते. नेमका आकडा मालाच्या आणि उंचीच्या तक्त्यावरून बदलतो, पण ३०० घनमीटरच्या टाकीत हे बसत नाही, हे तक्ता न उघडताही कळते. थप्पी खूप खाली ठेवून हा प्रश्न सुटेल असे वाटते, तेही अर्धेच खरे आहे. थप्पी आणि छप्पर यांत चार-पाच मीटर पोकळी राहिली, तर स्प्रिंकलर उशिरा उघडतात आणि वर उसळणारा तप्त झोत पाण्याचे बारीक थेंब बाजूला फेकतो.

दुसरा पर्याय ईएसएफआर, म्हणजे लवकर उघडून आग दाबून टाकणारे स्प्रिंकलर. हे १९८० च्या दशकात फॅक्टरी म्युच्युअलच्या संशोधनातून पुढे आले. उष्णता लागताच हे लवकर उघडतात, यांचे तोंड मोठे असते आणि जाड थेंब ज्वाला भेदून थेट जळत्या मालावर पडतात. गणित सोपे आहे: Q = K√P. येथे Q म्हणजे पाण्याचा प्रवाह, P म्हणजे दाब आणि K म्हणजे स्प्रिंकलरच्या तोंडाच्या आकारावर ठरणारा अंक. के-२०० चा स्प्रिंकलर ३.५ बार दाबावर मिनिटाला सुमारे ३७४ लिटर पाणी देतो. आरेखन एकाच वेळी बारा स्प्रिंकलर उघडतील असे धरून असते, म्हणजे मिनिटाला सुमारे ४,४९० लिटर. होजचे ९५० लिटर मिळवून एक तास धरला, तर सुमारे ३२६ घनमीटर लागतात. असलेली टाकी थोडी वाढवून हे जमते. पंप मात्र सर्वांत दूरच्या आणि उंच स्प्रिंकलरवरही हा दाब देणारा हवा, आणि जुन्या पाइपांत तो टिकतो का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ईएसएफआरचा जोर त्याच्या घाईत आहे आणि त्याचे दुबळेपणही तेथेच आहे. बारा स्प्रिंकलरमध्ये आग दबली नाही, तर तेरावा, चौदावा उघडतो, दाब घसरतो आणि प्रत्येकाचे पाणी कमी होते. दाब निम्मा झाला की प्रवाह ७१ टक्क्यांवर येतो. सुरुवातीच्या मिनिटांत पाणी आगीच्या मुळाशी पोहोचलेच पाहिजे. त्यामुळे स्प्रिंकलरखाली आडवा आलेला एखादा केबल ट्रे किंवा दिव्यांची रांगसुद्धा येथे अडथळा ठरते; साध्या स्प्रिंकलरला ती खपून गेली असती. धूर बाहेर काढणाऱ्या छपरावरच्या झडपा लवकर उघडणाऱ्या असतील, तर त्या उष्णता बाहेर पळवतात आणि स्प्रिंकलर उशिरा उघडतात. म्हणून त्या उच्च तापमानाला, सावकाश उघडणाऱ्या प्रकारच्या असाव्या लागतात. छपराचा उतारही सहास एकपेक्षा जास्त चालत नाही. आपल्या गोदामात १२ मीटरमागे १.२ मीटर, म्हणजे दहास एक आहे, म्हणून ती अडचण नाही.

आता उंची. के-२०० ईएसएफआरला ३.५ बारवर, ९.१ मीटरपर्यंतच्या छपराखाली, खोक्यातल्या न फुगवलेल्या प्लास्टिकसाठी ७.६ मीटरपर्यंत साठवण मान्य आहे. विक्रेता हा आकडा सांगून मोकळा होतो. पण पाणी पसरवणारी चकती, म्हणजे डिफ्लेक्टर, आणि मालाचा माथा यांत ईएसएफआरसाठी किमान ९०० मिलिमीटर मोकळी जागा लागते. साध्या स्प्रिंकलरला ४५० मिलिमीटर चालतात. डिफ्लेक्टर छपरापासून ३०० मिलिमीटर खाली धरू. पॅलेटसह मालाची उंची १.६५ मीटर आणि दोन पातळ्यांतले अंतर १.८५ मीटर असेल, तर चार पातळ्यांचा माथा ७.२ मीटरवर येतो. त्यावर ०.९ आणि ०.३ मिळवले की तेथे छप्पर किमान ८.४ मीटरवर हवे. आढ्यापासून दोन्ही बाजूंना ६ मीटरपर्यंतच ही उंची मिळते. म्हणजे मधल्या १२ मीटर पट्ट्यात चार पातळ्या आणि भिंतींकडच्या सहा-सहा मीटरमध्ये तीनच. कंत्राटदाराच्या आराखड्यात चारही पातळ्या भिंतीपर्यंत सरसकट काढलेल्या मी पाहिल्या आहेत, कारण छेद आढ्यापाशीच घेतलेला असतो.

ही ९०० मिलिमीटरची रेषा कागदावर पाळली जाते आणि गोदामात मोडते. एका तपासणीत मी शिडीवरून टेप लावला, तेव्हा डिफ्लेक्टर आणि वरच्या खोक्यात जेमतेम ३१० मिलिमीटर निघाले. रॅक तेच होते, पॅलेटही तेच. फक्त खोक्याचा नवा आकार आला होता आणि प्रत्येक पॅलेटवर एक थर वाढला होता. गोदाम व्यवस्थापकाला हे खालून दिसणे शक्यच नव्हते. खांबांवर कमाल उंचीची लाल पट्टी मारली की फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला ते बसल्या जागेवरून दिसते.

गल्लीपेक्षाही दुर्लक्षित राहते ती रॅकमधली उभी फट. पाठीला पाठ लावलेल्या रॅकांमध्ये आणि शेजारच्या दोन पॅलेटमध्ये सुमारे १५० मिलिमीटर फट वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत हवी. ही फट म्हणजे आगीचे धुराडे, मग ती मुद्दाम का ठेवायची, असे विचारले जाते. उत्तर असे, की ज्वाला त्यातून वर चढते म्हणूनच वरचा स्प्रिंकलर लवकर उघडतो, आणि नंतर पाणीही त्याच वाटेने खाली उतरते. फट बुजली की आग पॅलेटच्या खालून आडवी सरकते आणि वरचे पाणी खोक्यांच्या माथ्यावरून गल्लीत वाहून जाते. फळ्या ठोकून सलग केलेली पातळी किंवा पॅलेटच्या माथ्यावरून ओढलेले प्लास्टिकही तेच करते. फक्त बाजूंनी गुंडाळलेली स्ट्रेच फिल्म तितकी बाधत नाही.

गल्लीचे काम वेगळे आहे. समोरच्या रॅकवर ज्वालांची धग पोहोचू न देणे हे तिचे काम. साध्या स्प्रिंकलरचे तक्ते १.२ आणि २.४ मीटर अशा दोन रुंदींसाठी वेगळे पाणी सांगतात. गल्ली अरुंद, तर पाणी जास्त. ईएसएफआरला किमान १.२ मीटर चालते. पण गल्लीत तात्पुरते म्हणून ठेवलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या पॅलेटची रांग लागली, की २.४ मीटरच्या गल्लीचे रूपांतर दोन रॅकांना जोडणाऱ्या पुलात होते. रिकाम्या पॅलेटची थप्पी, हवा खेळत असल्यामुळे, भरलेल्या पॅलेटपेक्षाही भडकून जळते.

तिसरा पर्याय रॅकच्या आतले स्प्रिंकलर. आग लागते तेथूनच दोन-चार हातांवर पाणी असल्यामुळे भरवसा सर्वांत जास्त आणि छपरावरच्या पाण्याची गरजही उतरते. सलग फळ्यांच्या रॅकला, किंवा ईएसएफआरच्या मर्यादेबाहेरच्या उंचीला आणि मालाला दुसरा उपाय सहसा उरत नाही. अडचण रोजच्या कामात आहे. फोर्कलिफ्टचा काटा लागून स्प्रिंकलर तुटला, तर खालचा माल भिजतो. प्रत्येक पातळीवर स्प्रिंकलर आणि खालच्या मालात १५० मिलिमीटर राखावे लागतात. आणि रॅकची मांडणी बदलायची झाल्यास पाइपही बदलावे लागतात. मांडणी वर्षातून दोनदा बदलणाऱ्या गोदामाला मी हा पर्याय सुचवत नाही.

| | साधे | ईएसएफआर | रॅकमधले |
|---|---|---|---|
| पाणी | या उदाहरणात ९०७ घनमीटर | ३२६ घनमीटर | छपराची मागणी घटते |
| माथ्यावरची मोकळी जागा | ४५० मिमी | ९०० मिमी | प्रत्येक पातळीवर १५० मिमी |
| कशाने मोडते | अपुरे पाणी, मोठी पोकळी | अडथळे, बुजलेली फट, बदललेला माल | काट्याचा धक्का, बदलती मांडणी |

या गोदामासाठी माझी निवड ईएसएफआरची आहे: टाकी ३३० घनमीटरच्या वर, मधल्या पट्ट्यात चार पातळ्या, कडांना तीन आणि गल्ल्या २.४ मीटर. फिल्मचे रोल खोक्यांत नसतील, तर ते उघड्या प्लास्टिकच्या तक्त्यातून वेगळे तपासावेत. थर्माकोलचे उघडे साचे मात्र या रॅकवर चढवू नयेत. फुगवलेल्या उघड्या प्लास्टिकला परवानग्या झपाट्याने आकसतात आणि असा एक पॅलेट मधल्या पातळीवर ठेवला की संपूर्ण आरेखनाचे गृहीतक मोडते. ते वेगळ्या, अग्निरोधक भिंतीच्या खोलीत जमिनीवर १.५ मीटरच्या आत राहावेत. तेवढी खोली निघत नसेल, तर जेथे थर्माकोल ठेवायचा त्या रॅकपुरते आतले स्प्रिंकलर घ्यावेत आणि बाकीच्या गोदामाला ईएसएफआर राहू द्यावे.