एक-तीन की दोन-तीन? मागे पडल्यावर दोन अँकर कुठे धरावेत

बॅकगॅमनमध्ये साठ-सत्तर पिप्सनी, म्हणजे अजून चालायच्या तितक्या घरांनी, मागे पडलात आणि प्रतिस्पर्ध्याच्या घरात तुमच्या चार सोंगट्या अडकल्या, की बॅक गेम खेळायचा का, म्हणजे तिथेच दोन-दोन सोंगट्यांचे दोन अँकर धरून त्याची सोंगटी मारायची वाट बघायची का, हा प्रश्न येतोच. अँकरसाठी त्याच्या एक-तीन, दोन-तीन आणि दोन-चार या घरांच्या तिन्ही जोड्या चांगल्या मानल्या जातात. एक-दोन फार खोल पडते. चार-पाच भक्कम असते, पण तो बॅक गेम नव्हेच. इथे फक्त पहिल्या दोन जोड्यांची तुलना करतो, कारण त्यांतली निवड कधीकधी एकाच दानात करावी लागते.

एक डाव मांडून बघा. घरांचे आकडे ज्याचे त्याच्या बाजूने मोजतो. प्रतिस्पर्ध्याच्या तिसऱ्या घरात तुमच्या दोन सोंगट्या आहेत, त्याच्या पहिल्या घरात एक आणि बारवर एक. उरलेल्या अकरा अशा: तुमच्या 13 वर तीन, 8 वर तीन, 6 वर तीन, 5 वर दोन. त्याच्या 13 वर तीन, 8 वर तीन, 7 वर दोन, 6 वर तीन, 5 वर दोन, 4 वर दोन. दान पडलं दोन-एक.

एक रस्ता असा: एकाने आत यायचं, पहिलं घर बांधायचं आणि दोन पुढे खेळायचा, समजा 13 वरून 11. हा झाला एक-तीन. दुसरा रस्ता: दोनाने आत यायचं आणि पहिल्या घरातली सोंगटी एकाने दुसऱ्यावर न्यायची. हा दोन-तीन. दोन्हीकडे तुमचे 181 पिप्स आणि त्याचे 113, म्हणजे तुम्ही 68 नी मागे. नुसत्या या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते पुढच्या अकरा सोंगट्यांत किती वेळ शिल्लक आहे त्यावर. शेवटी तुम्हाला बोर्ड हवा 6, 5, 4, 3, 2 वर दोन-दोन असा, आणि अकरावी समजा 3 वर. त्याची बेरीज 43. आज त्या अकरा सोंगट्या 91 पिप्सवर आहेत, म्हणजे बोर्ड न मोडता खेळायला 48 पिप्स. सरासरी दान आठाच्या जरा वर असतं, म्हणून जवळपास सहा दानं.

आता त्याचं बघा. घराबाहेरच्या त्याच्या आठ सोंगट्यांचे 77 पिप्स होतात. त्या 4, 5, 6 वर आणल्या तर सरासरी पाच धरून 40 उरतात, म्हणजे 37 पिप्स, साडेचार दानं. त्यानंतर त्याला वरची घरं मोडावी लागतात आणि ब्लॉट, म्हणजे एकटी सोंगटी, उघडा पडायला लागतो. तेव्हा तुमच्या हातात एक-दोन दानांची सोय उरलेली असेल. फार नाही, पण पुरते. एक-तीन घेतलं तर 48 चे 46 होतात, कारण तो दोन पुढच्या सोंगट्यांतून गेला. दोन-तीनमध्ये तिन्ही पिप्स मागच्या सोंगट्यांनीच खाल्ले.

मागे असणं म्हणजेच वेळ असणं, असं मात्र नाही. हाच डाव घ्या, पण 13 वरच्या तीन सोंगट्या आधीच 4 वर येऊन बसल्या आहेत असं समजा. आता तुम्ही फक्त 41 नी मागे आहात, पण मोकळे पिप्स 21, म्हणजे अडीच दानं, आणि त्याला साडेचार लागणार. घड कापून ठेवला आणि ट्रक दोन दिवसांनी आला तर काय होतं, हे जळगावकडच्या केळीवाल्याला सांगावं लागत नाही. बोर्डाचंही तसंच, आधी तयार झाला तर ब्लॉट दिसेपर्यंत तो 1 आणि 2 वर कोसळलेला असतो. अशा वेळी दोन्ही जोड्या सोडा. तिसऱ्या घराचा एक अँकर ठेवा, बाकीच्या बाहेर काढा आणि गॅमन, म्हणजे दुप्पट हार, वाचवा.

आता मारायच्या संधीची तुलना. त्याची 6 वर सोंगटी एकटी पडली आणि 4-5 त्याच्याकडेच आहेत असं धरा. दोन-तीनमधून तुम्हाला 3 किंवा 4 हवा, म्हणजे 36 पैकी 20 दानं. एक-तीनमधून 3 किंवा 5, तेही 20. शिवाय त्याचं दुसरं घर मोकळं असेल तर चार-एकही चालतं, म्हणून 22. एक-तीनची आणखी एक जमेची बाजू आहे: दुसऱ्या घरात त्याने सोंगटी एकटी टाकली तर पहिल्या घरातून एकाने ती मारता येते. दोन-तीनमध्ये त्याने पहिल्या घरात टाकलेली एकटी सोंगटी तुमच्या अँकरच्या मागे पडते, तिला हात लागत नाही. नुसती मारायची दानं मोजणारा एक-तीनच घेईल, आणि त्यात त्याचं फार चुकलं असं म्हणवत नाही.

तरी माझं मत दोन-तीनकडे झुकतं, आणि त्याला कारण पहिल्या घरातली ती जोडी. सगळं आटोपून प्रतिस्पर्धी घरात आला, त्याचे 7, 8, 9 रिकामे झाले आणि ब्लॉट अजून दिसत नाही, अशी वेळ हटकून येते. तेव्हा पहिल्या घरातून काय खेळता येतं? 3, 4 आणि 5 त्याच्या 4, 5, 6 वर अडतात. एक खेळायचा तर दुसरं घर त्याने भरलेलं असतं. दोनाने फक्त स्वतःच्याच तिसऱ्या घरात जाता येतं. खऱ्या अर्थाने बाहेर पडायला एकटा सहाच. बाकीचं प्रत्येक दान एकतर तिसऱ्या घराच्या अँकरने सोसायचं, नाहीतर पुढच्या बोर्डाने. चांगला बांधलेला बोर्ड डोळ्यांदेखत सुटतो आणि ती जोडी जागची हलत नाही. शेवटी गॅमनच नव्हे, बॅकगॅमनही त्या दोघींमुळेच जातो.

दोन-तीनमध्ये हेच दान सोसायला दोघी असतात. दुसऱ्या घरातून पाच आणि सहा निघतो, तिसऱ्यातून चार, पाच आणि सहा. एक अँकर सोडून बोर्ड राखायचा की दोन्ही अँकर धरायचे, हे तुमच्या हातात राहतं. शिवाय त्याच्या जादा सोंगट्या जातात पहिल्या घरात, तुमच्या मागे. तिथून त्या कुणालाच अडवत नाहीत. एक-तीनमध्ये त्याच सोंगट्या दुसऱ्या घरात बसून पहिल्या घरातल्या जोडीसमोर आणखी एक भिंत उभी करतात. तुम्ही त्याची सोंगटी मारल्यानंतरही ती भिंत तशीच राहते. अनुभवात तरी मारल्यानंतरचा डाव दोन-तीनमधून सोपा जातो.

दोन्हीकडे काळजी घ्यायची ती मोठ्या जोडदानांची. सहा-सहा म्हणजे 24 पिप्स, आपल्या 48 मधले निम्मे एका फटक्यात. त्याच्या 8 आणि 9 वर पक्की घरं असतील तर दोन-तीनच्या अँकरवरून सहा खेळता येत नाही. तुमचे 13 आणि 8 रिकामे झाले असतील तर पुढेही तो खेळायला जागा उरत नाही, आणि न खेळलेला सहा तुमचा वेळ वाचवतो. म्हणून त्याची ती घरं शाबूत असताना 13 वरच्या सोंगट्या उतरवायची घाई करणं बरं, आणि ती सुटल्यावर जपून.

गॅमनला किंमत नसेल, म्हणजे दोघांनाही मॅचला एकेकच गुण हवा असेल, तर एक-तीनबद्दलची माझी तक्रार बरीच सौम्य होते. तिथे ती जोडी अडकून पडली तरी जास्तीचं काही जात नाही, आणि 22 दानं 20 पेक्षा जास्तच. फाशांनी एक-तीनच हातात दिलं असेल आणि अकरा सोंगट्यांत सहा दानांचा वेळ असेल, तर ते नाकारून एक-दोनच्या मागे लागू नका. पण वरच्यासारखं दोन-एक पडलं, गॅमन मोजला जात असेल आणि दोन्ही रस्ते खुले असतील, तर पहिल्या घरातली सोंगटी उचलून दुसऱ्यावर ठेवा.