डी-२ ची प्लेट न जाळता फिनिश करायची, तर कोणतं व्हील घ्यावं?

टूलरूममधला नेहमीचा जॉब घेऊ. डी-२ ची डाय प्लेट, १५० × १०० मिमी, हार्डनिंग-टेम्परिंग होऊन ६० एचआरसी. दोन्ही बाजूंना ०.२५ मिमी माल ठेवलेला. सरफेस ग्राइंडरवर घासून आरए ०.४ मायक्रॉनच्या आसपास फिनिश हवं आणि प्लेट कुठेही जळलेली नको. मशीन साधंच, व्हील २०० × २० मिमी, स्पिंडल २८०० आरपीएम. म्हणजे व्हीलचा कडेचा वेग सेकंदाला साधारण २९ मीटर.

यासाठी दुकानात चार प्रकारचे पर्याय समोर येतात.

| व्हील | डी-२ फिनिशिंगला | अडचण |
|---|---|---|
| पांढरं अॅल्युमिना, ४६ एच, व्हिट्रिफाइड | पहिली निवड | लवकर झिजतं, ड्रेसिंग वारंवार |
| पांढरं अॅल्युमिना, ८० के, व्हिट्रिफाइड | खाच, त्रिज्या, प्रोफाइलपुरतं | सपाट मोठ्या प्लेटवर जाळतं |
| सिरॅमिक मिश्रित अॅल्युमिना, ४६ | रोज तोच जॉब असेल तर | अगदी हलक्या कटवर बोथट होतं |
| सीबीएन, रेझिन बाँड | हाय स्पीड स्टील, जास्त व्हॅनेडियमचं स्टील | महाग, सेटिंग नाजूक |

हिरवं सिलिकॉन कार्बाइड यादीत नाही. ते अॅल्युमिनापेक्षा कठीण असतं, म्हणून कठीण स्टीलला तेच बरं असं अनेकांना वाटतं. पण ग्राइंडिंगच्या उष्णतेत लोखंडाशी त्याची रासायनिक प्रक्रिया होते आणि कण भराभर बोथट होतात. डायमंडचीही तीच गत, त्यातला कार्बन गरम लोखंडात विरघळतो. कार्बाइडच्या टूलला डायमंड, हार्डन स्टीलला अॅल्युमिना किंवा सीबीएन, ही विभागणी पाळावी.

खरा घोळ होतो तो पहिल्या दोन ओळींत. फिनिश चांगलं हवं म्हणून बारीक ग्रिट, आणि स्टील कठीण म्हणून व्हीलही कठीण, असा हिशेब मांडून लोक ८० के आणतात. माझ्या मते या जॉबसाठी ही सर्वांत चुकीची खरेदी आहे. ग्रेडचं अक्षर कणाची कठीणता सांगत नाही. बाँडने कण किती घट्ट धरलाय, ते सांगतं. ए कडे मऊ, झेड कडे कठीण. कठीण स्टीलवर कणाची धार लवकर जाते. धार गेलेला कण मऊ ग्रेडमध्ये ताण वाढताच निखळतो आणि खालचा ताजा कण कापू लागतो. के मध्ये तोच बोथट कण जागेवर राहून प्लेटवर नुसता घासतो. तिथे चिप निघत नाही, निघते ती उष्णता, आणि तिचा मोठा भाग प्लेटमध्येच शिरतो. वर ८० ग्रिटच्या कणांमधली जागा इतकी लहान की कूलंटही आत पोचत नाही. त्याऐवजी ४६ एच घ्या, स्ट्रक्चर ८ किंवा त्याहून मोकळं.

मग ०.४ फिनिश ४६ ग्रिटने येणार कसं? ड्रेसिंगने. सिंगल पॉइंट डायमंड व्हीलच्या एका फेऱ्यात किती सरकतो, यावर व्हीलचा चेहरा ठरतो. फेऱ्याला ०.१ मिमी सरकला, तर २८०० आरपीएमला मिनिटाला २८० मिमी होतात. २० मिमी रुंदीचं व्हील सुमारे ४ सेकंदांत पार होतं. रफिंगला हे ठीक. फिनिशला निम्मा वेग ठेवा, म्हणजे ८-९ सेकंद, आणि डायमंडचा कट ०.०१ मिमी किंवा कमी. याहून फार हळू गेलात, समजा २० सेकंद लावले, तर कणांची टोकं सपाट होतात. व्हील गुळगुळीत दिसतं, पहिले दोन पास सुरेख चमकतात आणि तिसऱ्याला पिवळसर पट्टा उमटतो. ‘व्हील खराब आहे’ या तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा असं ड्रेसिंगच असतं.

प्रत्यक्ष जॉब असा जातो: रफ ड्रेसिंग करून ०.०१ मिमीचे कट, शेवटचे ०.०३ मिमी उरले की पुन्हा फिनिश ड्रेसिंग, मग ०.००३ ते ०.००५ चे कट आणि कट न देता एक-दोन पास. स्पार्क आउट लांबवू नये, तो घासण्याचाच प्रकार आहे. कूलंटची धार व्हील आणि प्लेट जिथे भेटतात तिथेच लागली पाहिजे. प्लेटच्या दुसऱ्या टोकाला धबधबा पडून उपयोग नाही.

एच सुद्धा जाळत असेल, तर नवं व्हील आणण्याआधी टेबलचा वेग वाढवून बघा. टेबल जोरात चाललं की तेच व्हील मऊ वागतं, आणि उष्णता एका जागी साचत नाही. उलट चूकही दिसते: ग्रेड फारच मऊ असेल तर क्रॉस फीडच्या सुरुवातीचं माप आणि शेवटचं माप जुळत नाही, कारण व्हील वाटेतच झिजलेलं असतं. सुटलेले कण अडकून पृष्ठभागावर वेड्यावाकड्या रेघाही येतात. तेव्हा आय वर जा.

सिरॅमिक कण हा अॅल्युमिनाच आहे, पण अतिसूक्ष्म स्फटिकांचा. तो बारीक तुकड्यांत फुटून स्वतःला धार लावतो, मात्र फुटायला जोर लागतो. हलक्या मशीनवर ०.००५ चा कट तो जोर देत नाही. म्हणून या जॉबला घ्यायचंच तर ३० टक्के किंवा कमी सिरॅमिक असलेलं मिश्रण घ्या.

सीबीएन उष्णता झटपट वाहून नेतो आणि धार खूप टिकवतो, त्यामुळे प्लेट थंड राहते. पण डी-२ मधली क्रोमियम कार्बाइडं अॅल्युमिनापेक्षा मऊ असतात, ती पांढऱ्या व्हीलने कापली जातात. व्हॅनेडियम कार्बाइड अॅल्युमिनाहून कठीण, तिथे सीबीएनशिवाय निभत नाही. एकट्या डी-२ प्लेटसाठी तो खर्च मी करणार नाही. पंचेसची मोठी बॅच हाय स्पीड स्टीलची असेल, तर जरूर. तेव्हा बाँड रेझिन घ्यावा. व्हिट्रिफाइड सीबीएनला फिरता डायमंड ड्रेसर लागतो, आणि तो साध्या मशीनवर नसतो. रेझिनचं व्हील ट्रू केल्यावर पांढऱ्या अॅल्युमिनाच्या कांडीने उघडावं लागतं, नाहीतर तेही घासतंच. अॅल्युमिनात मात्र व्हिट्रिफाइडच: सच्छिद्र, कूलंटने न बिघडणारं, डायमंडने सहज ड्रेस होणारं.

जळलं की नाही, ते रंगावर सोडू नका. शेवटच्या हलक्या पासने निळा डाग निघून जातो, पण खालचा मऊ पडलेला थर तसाच राहतो. अल्कोहोलमध्ये ३-४ टक्के नायट्रिक अॅसिड मिसळून केलेलं नायटल स्वच्छ प्लेटवर लावा (अॅसिड अल्कोहोलमध्ये ओतायचं, आणि मिश्रण घट्ट बंद बाटलीत साठवायचं नाही). ठीक असलेला भाग सारखा राखाडी होतो. जास्त टेम्पर झालेला गडद दिसतो. पांढरे ठिपके आणि भोवती काळपट कडा दिसली, तर तिथे स्टील पुन्हा हार्डन झालंय, आणि तो थर ठिसूळ असतो. अशी प्लेट डाय पेनिट्रंटनेही तपासा, तडे बहुधा ग्राइंडिंगच्या दिशेला आडवे असतात.

एवढं करूनही प्लेट जळत असेल, तर हीट ट्रीटमेंटवाल्याला टेम्परिंगचं तापमान विचारा. २०० अंशाला टेम्पर केलेली डी-२, ५०० अंशांच्या वर टेम्पर केलेल्या डी-२ पेक्षा ग्राइंडिंगला जास्त नाजूक असते. अशा प्लेटला एच ऐवजी जी आणि ०.०१ ऐवजी ०.००५ चा कट, एवढी सूट द्यावीच लागते.