टाकीची उंची: एका कोनातून की दोन कोनांतून?

गावाच्या पाण्याच्या टाकीची उंची काढायची आहे. बुंध्यापर्यंत टेप नेता येत असेल, तर एकच उन्नत कोन पुरतो. टाकीपासून 27.3 मीटरवर कोन 45° आला. tan 45° = 1, म्हणून डोळ्याच्या पातळीवर उंची 27.3 मीटर. त्यात डोळ्याची स्वतःची उंची, समजा 1.5 मीटर, मिळवायची. उत्तरपत्रिकेत हीच बेरीज सर्वाधिक राहून जाते. साइन इथे नको. तिरकी लांबी माहीत असेल, उदाहरणार्थ ताणलेल्या पतंगाच्या दोऱ्याची, तेव्हाच साइन घ्यावा.

मध्ये ओढा असेल तर अंतर मोजता येत नाही. मग 45° दिसला त्या जागेवरून सरळ मागे 20 मीटर जायचे. तिथे कोन 30° येतो.

h = 20 ÷ (cot 30° − cot 45°) = 20 ÷ 0.732 ≈ 27.3

उत्तर तेच, पण भरवसा तेवढा नाही. 30° च्या जागी 31° वाचला, तर छेद 0.664 होतो आणि उंची 30.1 मीटर निघते, म्हणजे जवळपास 3 मीटर जास्त. पहिल्या रीतीत 45° ऐवजी 46° वाचला तर चूक 1 मीटरच्या आसपास राहते. दोन कोन जवळजवळ सारखे असले की छेद लहान होतो आणि चूक फुगते.

म्हणून बुंधा गाठता येत असेल तर मी टेपच धरेन. ओढा असेल तर काठापर्यंत जाऊन पहिला कोन 60° च्या आसपास घ्यावा. दुसरा 30° चा 31° झाला तरी चूक 1.7 मीटरवर येते.

टाकीवर चढून अवनत कोन घेतला, तरी त्रिकोण तोच. फक्त तो कोन आडव्या रेषेपासून मोजावा, टाकीच्या भिंतीपासून नव्हे.